पगारात 2,184 रुपये कमी आले: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिडचिडीतून पेरोलला पाठवायचा मेल कसा तयार करायचा

पगार जमा झाल्याचा एसएमएस येतो, आकडा कमी दिसतो आणि पहिला मेसेज जातो तो पेरोलला नाही, तर ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला. तोही एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यांत. त्या तुकड्यांत कामाची माहिती असते, पण तिच्यात राग, अंदाज आणि जुनी उणीदुणी मिसळलेली असतात. तेच मेसेज जसेच्या तसे पेरोलकडे ढकलले, तर तिकडून ‘कृपया तपशील कळवा’ एवढंच उत्तर येतं आणि दोन-चार दिवस फुकट जातात. खाली एकच प्रकरण शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे: रजा मंजूर असूनही दोन दिवस बिनपगारी धरले गेले. स्लिपमधली ही चूक नेहमीची आहे, आणि तिच्यात आकड्यांचा एक सापळाही आहे.

उदाहरणातला कर्मचारी नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत आहे. 2025 मध्ये पोळा शुक्रवारी, 22 ऑगस्टला होता. गावी जायचं म्हणून त्याने गुरुवार 21 आणि शुक्रवार 22 अशी दोन दिवसांची रजा टाकली. पगार 29 ऑगस्टला जमा झाला आणि त्या संध्याकाळी एचआरमधल्या मित्राला हे मेसेज गेले:

> भाऊ पगार कमी आला ना यार. 2300 च्या वर कापले
>
> मी तं 18 तारखेलेच सुट्टी टाकली होती. साहेबांनी मंजूर बी केली
>
> पीएफ बी कमी दाखवून रायला. एका स्लिपमधी दोन दोन चुका
>
> मागच्या दिवाळीले बी असंच केलं होतं यांनी
>
> 5 तारखेले ईएमआय हाय. आजच्या आज टाकाले सांग ना

मित्राशी बोलताना ही भाषा ठीकच आहे. पण हे मेसेज ‘सभ्य’ करायचे म्हणजे प्रत्येक ओळीला ‘कृपया’ जोडायचं, असं नाही. आधी यातली कोणती ओळ खरी आहे, कोणती अर्धवट आहे आणि कोणती मेलमध्ये येताच कामा नये, हे ठरवावं लागतं. शब्दांची वेळ त्यानंतर येते.

आधी कागद गोळा करा

चार गोष्टी समोर हव्यात. ऑगस्टची स्लिप. पूर्ण हजेरीच्या एखाद्या महिन्याची स्लिप, इथे जुलैची. हजेरी पोर्टलवरचं त्या महिन्याचं पान, ज्यात कोणते दिवस गैरहजर धरले ते तारखेनिशी दिसतं. आणि रजेच्या अर्जाचं पान, ज्यात अर्ज कधी टाकला आणि मंजुरी कधी नोंदली गेली, या दोन्ही तारखा असतात.

तुलना करायची ती स्लिपशी. ऑफर लेटरमधला वार्षिक सीटीसी बाराने भागून आलेल्या आकड्याशी तुलना केली, तर दर महिन्यालाच पगार कमी दिसेल. सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बरेचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते आणि ती रक्कम महिन्याच्या पगारातून हातात पडत नाही. मागच्या महिन्याशी तुलना करतानाही त्या महिन्यात बोनस, थकबाकी किंवा इन्सेंटिव्ह नव्हता ना, ते बघून घ्या.

आपल्या कर्मचाऱ्याच्या जुलैच्या स्लिपमध्ये बेसिक 18,000, घरभाडे भत्ता 7,200, वाहतूक भत्ता 2,000 आणि विशेष भत्ता 8,800, असे एकूण 36,000 रुपये आहेत. त्यातून पीएफ 2,160 आणि व्यवसाय कर 200 वजा होऊन हातात 33,640 पडले. टीडीएस नाही. ऑगस्टच्या स्लिपमध्ये एकूण पगार 33,677 आहे, पीएफ 2,021, व्यवसाय कर 200 आणि हातात 31,456. `LOP Days` या रकान्यात 2 लिहिलेलं आहे. बिनपगारी दिवसांसाठी बहुतेक स्लिपांवर हाच किंवा याच अर्थाचा रकाना असतो. पगार कमी दिसला की सर्वात आधी नजर तिथे गेली पाहिजे.

मेसेजची एकेक ओळ तपासा

पहिली ओळ: ‘2300 च्या वर कापले’. एकूण पगारात फरक 36,000 वजा 33,677, म्हणजे 2,323 रुपये. पण खात्यात कमी आले ते 33,640 वजा 31,456, म्हणजे 2,184. हाच तो सापळा. एकूण पगार घटला तशी पीएफची कपातही 139 रुपयांनी घटली, म्हणून हातातली घट तेवढ्याने कमी आहे. मेलमध्ये ‘माझ्या खात्यात 2,323 कमी आले’ असं लिहिलंत, तर पेरोलचा माणूस बँकेत गेलेला आकडा काढतो, तो जुळत नाही आणि उत्तर तुमच्या बेरजेवर येतं, मूळ चुकीवर नाही. म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहायचे आणि कोणता कशाचा, ते सांगायचं.

हा 2,323 कसा आला, हेही काढून बघा. एकूण पगाराला दिवसांनी भागून दोनने गुणायचं. ऑगस्टचे 31 दिवस धरले तर 36,000 ÷ 31 × 2 म्हणजे 2,322.58. कंपनी सरसकट 30 दिवस धरत असेल तर 2,400 येतील, आणि 26 धरत असेल तर 2,769. स्लिपमधला फरक 31 च्या हिशेबाशी जुळतो. म्हणजे भागाकार बरोबर आहे, फक्त दोन दिवस चुकीचे मोजले गेले आहेत. हे कळलं की मेलचा रोख ठरतो: प्रश्न रजेच्या नोंदीचा आहे, हिशेबाच्या पद्धतीचा नाही. उलट, आकडा यापैकी कशाशीच जुळत नसेल, तर ‘या कपातीसाठी किती दिवसांचा भाजक धरला आहे?’ हाच पहिला प्रश्न विचारावा. प्रत्येक भत्त्याची रक्कम वेगळी पूर्णांकात नेली जाते, त्यामुळे एक-दोन रुपयांची तफावत राहू शकते. त्यावर मेल खर्च करू नका.

दुसरी ओळ: ‘18 तारखेलेच टाकली होती, साहेबांनी मंजूर बी केली’. दोन्ही खरं आहे, पण मधली एक तारीख राहून गेली. पोर्टलवर मंजुरी दिसते ती 26 ऑगस्टची. या कंपनीत हजेरीचा कट-ऑफ 25 तारखेला असतो. 26 जुलै ते 25 ऑगस्ट एवढ्या हजेरीवर ऑगस्टचा पगार निघतो. 25 तारखेला डेटा उचलला गेला, तेव्हा अर्ज ‘प्रलंबित’ होता, आणि प्रलंबित रजा सिस्टिमच्या लेखी गैरहजेरीच असते. या प्रकरणातलं खरं कारण एवढंच आहे. पेरोलच्या माणसाला पोर्टलवर ही तारीख दोन मिनिटांत दिसणारच आहे. तुम्ही ती लपवली, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. तुम्हीच आधी सांगितली, तर त्याचं अर्धं काम तिथेच होतं. मेल सभ्य व्हायला ‘आदरणीय’ या शब्दापेक्षा या एका वाक्याची जास्त मदत होते.

साहेबांनी मंजुरी उशिरा दिली, हे मात्र लिहायचं नाही. ‘मंजुरी 26 ऑगस्टला नोंदली गेली’ एवढं पुरतं. मेलची प्रत त्यांना जाणार आहे, आणि त्यांनी ‘होय, ही रजा मला मान्य होती’ असं एका ओळीत कळवलं, तर काम सोपं होतं. ज्यांच्याकडून ही ओळ हवी आहे, त्यांच्यावरच बोट ठेवू नये.

तिसरी ओळ: ‘एका स्लिपमधी दोन दोन चुका’. इथे चूक एकच आहे. या कंपनीत पीएफ प्रत्यक्ष बेसिकच्या 12 टक्के कापतात. पूर्ण बेसिक 18,000 असताना 2,160. दोन दिवस कापल्यावर बेसिक 16,839 उरला आणि त्याचे 12 टक्के 2,021. रजेची नोंद सुधारली की पीएफही आपोआप सुधारेल. दोन वेगळ्या तक्रारी केल्या, तर दोन वेगळी तिकिटं निघतात, ती दोन माणसांकडे जातात आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. अनेक कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापतात, म्हणजे दरमहा 1,800. अशा ठिकाणी 16,839 बेसिकवरही 1,800 च कापले जातील, पीएफमध्ये फरक पडणार नाही आणि हातात थेट 2,323 कमी येतील. तुमची कंपनी कोणती पद्धत वापरते, ते जुलैच्या स्लिपवरून कळतं.

चौथी ओळ, मागच्या दिवाळीची, सरळ खोडा. ते प्रकरण अजून बाकी असेल, तर त्याचा वेगळा मेल, वेगळ्या स्लिपसकट. एका मेलमध्ये दोन महिने आले की उत्तर सोप्या महिन्याचं येतं आणि अवघड महिना लोंबकळतो.

पाचवी ओळ ईएमआयची. अडचण खरी असते, पण पेरोलचा महिना बंद झाल्यावर ‘आजच्या आज’ पैसे टाकणं त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात बहुधा नसतं. दोन-अडीच हजारांच्या फरकासाठी मधल्या काळात वेगळं पेमेंट सहसा काढत नाहीत, पुढच्या पगारात थकबाकी म्हणून देतात. अर्धा पगारच अडकला असेल, तर मात्र ‘पुढच्या पगाराआधी वेगळं पेमेंट शक्य आहे का?’ असं एका वाक्यात विचारावं. ईएमआयचा उल्लेख तेव्हाही गरजेचा नाही.

आणखी एक गोष्ट तपासायची, जी मेसेजमध्ये नव्हतीच: रजेची शिल्लक. स्लिपच्या तळाशी अर्जित रजा 9 दिवस दिसते आणि ऑगस्टमध्ये वापरलेली रजा शून्य. म्हणजे या दोन रजा खात्यातून वजाच झालेल्या नाहीत. म्हणून मागणी नुसती ‘पैसे परत द्या’ अशी होत नाही. ‘2 रजा माझ्या खात्यातून वजा करा आणि बिनपगारी कपात मागे घ्या’ अशी होते. शिल्लक 7 दिसत असती, तर रजाही गेली आणि पगारही गेला, अशी दुहेरी कपात झाली असती. मग तेच मेलचं पहिलं वाक्य झालं असतं. आणि शिल्लक शून्यच असती, तर कपात बरोबर होती आणि मेल पाठवायची गरजच नव्हती.

आकडे चार ओळींत मांडा

सगळ्या भत्त्यांचे आकडे देण्याचा मोह आवरा. पेरोलकडे ते आहेत. फक्त बदललेल्या मुख्य ओळी द्या आणि नावं स्लिपवर छापली आहेत तशीच ठेवा. स्लिपवर ‘विशेष भत्ता’ असेल तर तुम्ही ‘इतर भत्ता’ लिहू नका. वजाबाकी जुळते का, ते पाठवण्याआधी एकदा उलटं करून बघा: 2,323 वजा 139 बरोबर 2,184. जुळलं.

| बाब | अपेक्षित (₹) | ऑगस्टच्या स्लिपमध्ये (₹) | फरक (₹) |
|---|---|---|---|
| एकूण पगार | 36,000 | 33,677 | 2,323 |
| पीएफ कपात | 2,160 | 2,021 | 139 |
| व्यवसाय कर | 200 | 200 | 0 |
| हातात पडलेला पगार | 33,640 | 31,456 | 2,184 |

व्यवसाय कराची ओळ फरक शून्य असूनही ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय शेवटची बेरीज कोणाला जुळवता येणार नाही. टीडीएस कापला जात असेल, तर त्याची ओळ घ्या, पण ‘अपेक्षित’ रकान्यात स्वतःचा अंदाज लिहू नका. टीडीएस वर्षभराच्या अंदाजी उत्पन्नावर ठरतो आणि एका महिन्याची कपात बदलली की तो थोडा हलतो. त्या ओळीत ‘दुरुस्तीनंतर बदलेल’ असं लिहिलं तरी चालतं.

आता मेल लिहा

मराठी मेल लिहायला बसलं की शाळेतला अर्ज आठवतो: ‘माननीय महोदय यांस, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती अर्ज करतो की’. हे चुकीचं नाही, पण पेरोलचा माणूस दिवसाला असे ढीगभर मेल उघडतो आणि पहिल्या दोन ओळींत महिना आणि मुद्दा शोधतो. ‘नमस्कार’ म्हणून थेट मुद्द्यावर यावं. विषयाच्या ओळीत महिना, मुद्दा आणि कर्मचारी क्रमांक हवा. ‘पगाराबाबत’ किंवा ‘अर्जंट’ एवढाच विषय असेल, तर तो मेल पुन्हा शोधताना त्यालाही सापडत नाही आणि तुम्हालाही नाही.

> विषय: ऑगस्ट 2025 च्या स्लिपमधील 2 दिवसांची बिनपगारी कपात तपासण्याबाबत, कर्मचारी क्र. ______
>
> नमस्कार,
>
> ऑगस्ट 2025 च्या माझ्या स्लिपमध्ये 2 दिवस बिनपगारी धरलेले दिसतात. हजेरी पोर्टलनुसार हे दिवस 21 आणि 22 ऑगस्ट आहेत. या दोन्ही दिवसांसाठी मी 18 ऑगस्टला अर्जित रजेचा अर्ज केला होता. त्याची मंजुरी 26 ऑगस्टला, म्हणजे 25 तारखेच्या कट-ऑफनंतर नोंदली गेली आहे. स्लिपमध्ये अर्जित रजेची शिल्लक 9 आहे, म्हणजे या 2 रजा अद्याप वजा झालेल्या नाहीत.
>
> जुलैच्या पूर्ण हजेरीच्या स्लिपशी तुलना केल्यावर एकूण पगारात 2,323 रुपये, पीएफ कपातीत 139 रुपये आणि हातात पडलेल्या पगारात 2,184 रुपये असा फरक येतो. तपशील खालील तक्त्यात दिला आहे.
>
> (येथे तक्ता)
>
> कृपया 21 आणि 22 ऑगस्टची नोंद अर्जित रजा अशी करून 2 रजा माझ्या खात्यातून वजा कराव्यात आणि कपातीचा फरक, त्यावरील पीएफसह, सप्टेंबरच्या पगारात देता येईल का, हे कळवावे. माझ्याकडून पोर्टलवर काही दुरुस्ती करायची असल्यास तेही सांगावे, म्हणजे 25 सप्टेंबरच्या कट-ऑफआधी ती पूर्ण करता येईल.
>
> कंपनीच्या नियमानुसार ही कपात योग्य असल्यास कृपया तो नियम कळवावा.
>
> सोबत: ऑगस्ट आणि जुलैच्या स्लिप, रजा मंजुरीच्या पानाचा स्क्रीनशॉट.
>
> धन्यवाद,
> नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक

यातलं ‘कपात योग्य असल्यास नियम कळवावा’ हे वाक्य शिष्टाचारापुरतं घातलेलं नाही. काही कंपन्यांत कट-ऑफनंतर मंजूर झालेली रजा त्या महिन्यासाठी ग्राह्यच धरत नाहीत. तसा नियम असेल, तर तो लेखी मिळायला हवा, आणि या वाक्याने तो मिळतो. ‘माझ्याकडून काही दुरुस्ती करायची असल्यास’ हेही कामाचं आहे. अनेक पोर्टलांवर मागच्या महिन्याची हजेरी नियमित करायची विनंती कर्मचाऱ्यालाच टाकावी लागते, आणि ती टाकली नाही तर पेरोलने ठरवूनही काही होत नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘तुम्ही कापले’ याऐवजी ‘धरलेले दिसतात’. ‘चूक केली’ याऐवजी ‘फरक येतो’. मराठीत ‘दिसते’ आणि ‘येतो’ या क्रियापदांमुळे आरोप न करता वस्तुस्थिती मांडता येते. पण विनंतीच्या जागी असं धूसर लिहू नका. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ म्हणजे नेमकं काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कोणत्या तारखा, किती रजा, कोणत्या महिन्याच्या पगारात, हे त्या वाक्यात असलंच पाहिजे. ‘कृपया’ दोनदा आलं तर पुरे. प्रत्येक वाक्यात आलं की विनवणी वाटते आणि तिसऱ्या वेळेपासून टोमणा वाटू लागतो.

पेरोलचं काम पुण्याला किंवा बंगळुरूला बसलेल्या टीमकडे असेल, तर मेल इंग्रजीत जाईल, तरी रचना हीच ठेवायची. आधी मराठीत असा मसुदा तयार असला की इंग्रजी वाक्यंही सरळ होतात.

पोर्टलवरच्या तिकिटात जागा कमी असते. तिथे एवढं पुरतं:

> ऑगस्ट 2025: 21 आणि 22 ऑगस्टची अर्जित रजा (अर्ज 18/8, मंजुरी 26/8) बिनपगारी धरली आहे. एकूण पगारात ₹2,323 आणि हातात ₹2,184 कमी. रजा शिल्लक 9 च आहे. कृपया 2 अर्जित रजा वजा करून फरक सप्टेंबरच्या पगारात देता येईल का, ते कळवावे. स्लिप आणि मंजुरीचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

कुठे, केव्हा, आणि काय जोडू नये

पेरोलचा ठरलेला मेल आयडी किंवा हेल्पडेस्क असेल, तर तिथेच पाठवा आणि साहेबांना प्रत द्या. पहिल्याच मेलमध्ये एचआर प्रमुख, शाखाप्रमुख यांना प्रत लावली की उत्तर द्यायच्या आधी अंतर्गत फोनाफोनी सुरू होते आणि सांभाळून लिहिलेलं, उशिराचं उत्तर येतं. एचआरमधल्या मित्राला ‘मेल टाकला, बघशील’ असं सांगायला हरकत नाही, पण नोंद मेलचीच राहते.

स्लिपच्या पीडीएफला बरेचदा पासवर्ड असतो, आणि तो पॅन किंवा जन्मतारखेवरून बनवलेला असतो. पासवर्ड काढून टाकलेली स्लिप टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसतो. पेरोलला यातलं काहीच लागत नाही, कर्मचारी क्रमांक पुरतो. स्क्रीनशॉट जोडताना मंजुरीची तारीख कापली गेली नाही ना, ते मात्र बघा. हिरवी ‘मंजूर’ची खूण दिसते आणि तारीख दिसत नाही, असे स्क्रीनशॉट फार येतात.

वेळ महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली निवडा. कट-ऑफपासून पगार जमा होईपर्यंत ती टीम चालू महिन्याच्या कामात बुडालेली असते. या प्रकरणात 1 सप्टेंबरला सोमवार होता. त्या दिवशी पाठवलेल्या मेलला 25 तारखेपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. पाच कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाका: ‘नमस्कार, 1 सप्टेंबरच्या खालील मेलबाबत सद्यस्थिती कळवावी. 25 तारखेच्या कट-ऑफआधी माझ्याकडून काही हवे असल्यास सांगावे.’ नवा मेल उघडला की आधीचा संदर्भ तुटतो. याही आठवणीनंतर शांतता असेल, तर त्याच साखळीत एचआरला प्रत लावा. आता ती लावायला कारण आहे.

चूक दुसरी असेल तर

रचना तीच राहते, पुराव्याचे आकडे बदलतात. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम कमी लागला असेल, तर तारीखवार तास लिहा: कोणत्या पाळीत किती तास, पर्यवेक्षकाची सही असलेले किती, स्लिपमध्ये किती. ‘खूप ओव्हरटाइम केला’ याला पेरोलकडे रकाना नाही. रात्रपाळीचा भत्ता असेल, तर पाळ्यांची संख्या आणि प्रति पाळी दर.

व्यवसाय कराबद्दल मेल लिहिण्याआधी महिना बघा. महाराष्ट्रात 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला दरमहा 200 लागतात आणि फेब्रुवारीत 300. त्या शंभर रुपयांवरून दर मार्चला विनाकारण मेल जातात. महिला कर्मचाऱ्यांना एप्रिल 2023 पासून मासिक 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. 23,000 पगार असलेल्या महिलेच्या स्लिपमध्ये 200 दिसले, तर मेल जरूर लिहावा, आणि त्यात पगार, कापलेली रक्कम आणि ती किती महिने कापली गेली, हे तीन आकडे पुरेसे आहेत.

पगार जास्त आला तरी याच पद्धतीने कळवा. तो पुढे कधीतरी वसूल होतोच, आणि तेव्हा एकरकमी होतो.

उत्तर आल्यावर काय तपासायचं

‘सप्टेंबरच्या पगारात समायोजित केले जाईल’ असं उत्तर आलं, म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. सप्टेंबरची स्लिप आली की थकबाकीची ओळ शोधा. सप्टेंबरचे दिवस 30 असले, तरी कपात ऑगस्टच्या 31 दिवसांच्या हिशेबाने झाली होती, म्हणून परतावाही 2,323 चाच हवा, 2,400 चा नाही. त्यातला बेसिकचा भाग 18,000 वजा 16,839, म्हणजे 1,161 रुपये आहे, आणि त्यावर 12 टक्के पीएफ 139 जाईल. सप्टेंबरमध्ये पूर्ण हजेरी असेल, तर हातात 33,640 अधिक 2,323 वजा 139, म्हणजे 35,824 रुपये पडायला हवेत. व्यवसाय कर 200 च राहील.

रजेच्या रकान्यात 2 वजा झालेल्या दिसल्या पाहिजेत. दर महिन्याला नवी रजा जमा होत असेल, तर ती धरून शिल्लक मोजा. नुसते 7 शोधू नका. शेवटची तपासणी पीएफ पासबुकात. सप्टेंबरच्या पगाराचा पीएफ कंपनीने 15 ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो आणि त्या महिन्याच्या नोंदीत तुमचा वाटा 2,160 अधिक 139, म्हणजे 2,299 दिसायला हवा. पगारात फरक मिळाला पण पीएफमध्ये 2,160 च दिसले, तर त्याच जुन्या साखळीत, तेच आकडे देऊन, पुढची ओळ लिहा: ‘थकबाकीवरील 139 रुपयांचा पीएफ सप्टेंबरच्या नोंदीत दिसत नाही, कृपया तपासावे.’